पाठपुरावा: ठरावीक दिवसांनी की टप्प्यानुसार?

चौकशी आल्यानंतर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी संपर्क साधण्याचे ठरावीक वेळापत्रक अद्याप उत्तर न दिलेल्या ग्राहकांसाठी उत्तम चालते, कारण त्यात कोणी विसरले जात नाही. मात्र कोटेशन मिळालेला ग्राहक ‘भागीदार 20 तारखेला परततील, मग बोलू’ असे सांगतो, तेव्हाही तेच वेळापत्रक 15 तारखेला फोन लावायला लावते आणि तो वैतागतो. अशा वेळी टप्प्यानुसार तारीख ठरवणेच मला योग्य वाटते: नोंदीत ‘निर्णय प्रलंबित’ हा टप्पा, 21 तारखेला सकाळी कोटेशनची आठवण देणारा छोटा संदेश आणि दुपारी फोन. या पद्धतीत पुढची तारीख लिहायची राहिली, तर ग्राहक नकळत निसटतो. म्हणून तारखेचा रकाना रिकामा असलेल्या नोंदी रोज संध्याकाळी वेगळ्या काढून पाहाव्यात.