इन्स्टाग्राम हायलाइट्स : वाळवणाच्या घरगुती धंद्यात काही महिने वापरल्यानंतर

स्टोरी चोवीस तासांत जाते हे सगळ्यांना माहीत असतं. ती जाते कुठे, हे मात्र हायलाइट वापरायला लागल्यावरच नीट कळतं. मी आणि माझी जाऊ मिळून कुरडया, पापड, सांडगे आणि मेतकूट करून विकतो. दुकान नाही, वेबसाइट नाही, जे काही आहे ते इन्स्टाग्रामचं प्रोफाइल. उन्हाळ्यात टाकलेल्या स्टोऱ्या पावसाळा, दिवाळी ओलांडून आजही तिथे दिसतात त्या हायलाइटमुळे. तेव्हा हा अनुभव फोटो-रील करणाऱ्यांपेक्षा आमच्यासारख्या छोट्या विक्रेत्यांना जास्त उपयोगी पडेल.

आधी यंत्रणा समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. इन्स्टाग्रामवर स्टोऱ्या २०१६ साली आल्या आणि हायलाइट्स २०१७च्या डिसेंबरात. त्यांच्याबरोबरच अर्काइव्ह आलं, आणि खरी गंमत त्यात आहे. चोवीस तास झाले की स्टोरी पुसली जात नाही. ती लोकांच्या नजरेआड होते आणि तुमच्या खासगी अर्काइव्हमध्ये पडून राहते. तिथून हवी ती स्टोरी उचलून बायोखालच्या वर्तुळात ठेवली की ते हायलाइट. त्यासाठी सेटिंग्जमध्ये Archiving and downloading मध्ये जाऊन Save story to archive चालू आहे ना, एवढं पाहून घ्या. ते बंद असेल, तर नंतर निवडायला मागे काही उरत नाही.

स्टोरी चालू असतानाच खालच्या Highlight बटणावरून ती वर्तुळात टाकता येते. मुदत संपली असेल तर प्रोफाइलवरून नवं हायलाइट सुरू करायचं, अर्काइव्हमधल्या स्टोऱ्यांवर खूण करायची, नाव द्यायचं, झालं. नाव छोटं ठेवा, लांब नावाचं शेपूट कापून तिथे तीन टिंबं येतात. आमचं ‘ऑर्डर कशी द्यावी’ आता नुसतं ‘ऑर्डर’ झालंय. एका हायलाइटमध्ये शंभरपर्यंत स्टोऱ्या मावतात म्हणे, पण शंभर बघायला बसणार कोण?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, ज्यावरून माझं मत बनलं. हायलाइटच्या आत स्टोऱ्या टाकल्याच्या क्रमानेच चालतात, सगळ्यात जुनी आधी आणि सगळ्यात नवी शेवटी. हा क्रम बोटाने ओढून बदलता येत नाही. वाचायला बारीकशी बाब वाटते, पण आमच्या दोन हायलाइटचं नशीब तिने अगदी उलट ठरवलं.

पहिलं हायलाइट ‘कुरडई’. गव्हाच्या कुरडईचं काम तीन-चार दिवसांचं असतं. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग ते वाटून चीक काढायचा. चीक रात्रभर ठेवला की वरचं पाणी सुटतं, ते ओतून द्यायचं आणि सकाळी उठून चीक शिजवायचा. शिजताना घोटायला दोन माणसं लागतात. मग गरम असतानाच सोऱ्यातून कुरडया पाडायच्या आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवायच्या. आम्ही ज्या दिवशी जे काम, त्या दिवशी तेवढीच छोटी क्लिप टाकत गेलो. हंगाम संपल्यावर त्यातल्या बेताच्याच निवडून वर्तुळात ठेवल्या. क्रम आपोआप लागला: भिजलेले गहू, पांढराशुभ्र चीक, पातेल्यातला घोटा, पाडलेली कुरडई, आणि शेवटी तळल्यावर फुललेली. शहरात वाढलेल्या पुष्कळ जणांना कुरडईसाठी एवढी खटपट असते हे ठाऊकच नसतं. हे बघितल्यावर किलोच्या भावावरून घासाघीस कमी होते, हे मी खात्रीने सांगते. हायलाइटमधल्या स्टोरीलाही मेसेज करून उत्तर देता येतं आणि आपल्याला तो मेसेज त्या स्टोरीसकट दिसतो. त्यामुळे ऐन श्रावणात कुणी ‘ताई, ही आहे का शिल्लक?’ एवढंच विचारलं तरी ‘ही’ म्हणजे कोणती, हे परत विचारावं लागत नाही.

एक पथ्य मात्र आहे. चीक काढतानाची क्लिप त्या दिवशी राहून गेली आणि दोन दिवसांनी टाकली, तर हायलाइटमध्ये कुरडया वाळल्यानंतर चीक निघताना दिसणार. तेव्हा क्लिपा कितीही घाईत काढा, टाकताना क्रमाने टाका. एखादी राहिलीच, तर ती आणि तिच्या पुढच्या सगळ्या नव्याने टाकण्यावाचून इलाज नाही.

दुसरं हायलाइट ‘दर’. इथे तोच क्रम डोक्याला ताप देतो. समजा, मार्चमध्ये कुरडईचा दर ५२० रुपये किलो अशी स्टोरी केली आणि ती वर्तुळात ठेवली. मेमध्ये गहू आणि मजुरी वाढली म्हणून ५८० ची नवी स्टोरी करून त्याच वर्तुळात टाकली. नवी आली म्हणून जुनी आपोआप जात नाही. उघडणाऱ्याला आधी ५२० दिसतं, मग पापड, मग सांडगे, मग मेतकूट, आणि शेवटी कधीतरी ५८०. तिथवर पोचतंय कोण? ‘तुमच्याच पेजवर ५२० लिहिलंय’ असा स्क्रीनशॉट येणार आणि त्यात त्या माणसाची काही चूक नसणार. स्टोरी किती आठवड्यांची आहे ते वर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, पण भाव बघणारा माणूस ते वाचत नाही.

टाकलेल्या स्टोरीवरचा आकडा नंतर खोडून बदलता येत नाही, म्हणून दरांच्या बाबतीत आमचा रिवाज असा ठरला आहे: सगळ्या पदार्थांचे भाव एकाच स्टोरीत, वर ठळक अक्षरात महिना आणि वर्ष. दर बदलला की नवी स्टोरी टाकायची आणि ती वर्तुळात गेली की वर्तुळ दाबून धरून Edit highlight मध्ये जायचं आणि जुन्या स्टोरीवरची खूण काढायची. आधी नवी घालायची, मग जुनी काढायची, हाच क्रम ठेवा. एकुलती एक स्टोरी आधी काढलीत, तर रिकामं वर्तुळ राहत नाही, हायलाइटच जातं आणि नाव-कव्हर पुन्हा करावं लागतं. ‘दर’मध्ये त्यामुळे कायम एकच स्टोरी असते. उघडली की भाव समोर.

खूण काढणं आणि डिलीट करणं यांत मोठा फरक आहे, तेही सांगते. हायलाइटमधून काढलेली स्टोरी अर्काइव्हमध्ये सुखरूप राहते आणि पुढच्या वर्षी परत लावता येते. अर्काइव्हमधूनच डिलीट केली, तर मात्र ती हायलाइटमधूनही जाते. म्हणजे हायलाइट ही काही वेगळी प्रत नव्हे. हे एकदा लक्षात आलं की हात आपोआप जपून चालतो.

यानंतरचा मुद्दा भाषेचा. स्टोरी आपण ‘आज’च्या भाषेत करतो. ‘आज रात्रीपर्यंतच ऑर्डर घेतोय’, ‘उद्या पार्सल निघणार’, ‘थोडेच पापड शिल्लक’. चोवीस तासांसाठी हे ठीक आहे. तीच स्टोरी सहा महिने प्रोफाइलवर राहिली की तो ‘उद्या’ कधी उजाडतच नाही. म्हणून आता मी एका कामाच्या दोन स्टोऱ्या करते. घाईची, ‘आज’वाली स्टोरी तशीच जाऊ देते. टिकायची असते तिच्यात ‘ऑर्डर चैत्र-वैशाखात घेतो, पाठवणी दर सोमवारी आणि गुरुवारी’ असं लिहिते. काउंटडाउनचं स्टिकर टिकणाऱ्या स्टोरीत मुळीच नको, संपलेलं घड्याळ बघून दुकानच बंद झाल्यासारखं वाटतं. लिंकचं स्टिकर मात्र अवश्य लावा, ते हायलाइटमध्येही चालतं. आमच्या ‘ऑर्डर’मध्ये फॉर्मची लिंक आहे आणि निम्मं काम तीच करते. गाण्यांच्या भरवशावरही राहू नका. गाण्याचे हक्क बदलले की जुनी स्टोरी मुकी होऊ शकते. माझी जाऊ स्वतःच्या आवाजात सांगते ते बरं, तेवढं कुणी काढून घेऊ शकत नाही.

आता माणसांबद्दल. पापड लाटायला आमच्याकडे गल्लीतल्या दोन-तीन काकू येतात. त्यांतल्या एकींचा लाटतानाचा व्हिडिओ त्यांना विचारूनच टाकला होता. हंगाम संपल्यावर तो हायलाइटमध्ये ठेवायचा म्हणून पुन्हा विचारायला गेले, तर म्हणाल्या, “अगं, एक दिवस होता तोवर ठीक होतं. आता येणारा-जाणारा कधीही बघणार का मला? हात दिसू दे, तोंड नको.” बाईंचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. एका दिवसाला दिलेली परवानगी वर्षभराला चालत नाही. तो व्हिडिओ ठेवला नाही. पुढच्या खेपेला फक्त पोळपाट आणि हात येतील असा काढला, आणि तो आधीच्यापेक्षा चांगला दिसतो.

गिऱ्हाइकांच्या अभिप्रायाचंही तेच. लोक कौतुकाने मेसेज पाठवतात, आपण स्क्रीनशॉट काढून स्टोरीला लावतो आणि त्यात त्यांचं नाव, फोटो, कधी पार्सलवरचा पत्ता आणि मोबाइल नंबरही दिसतो. धंद्याचं अकाउंट सगळ्यांना खुलं असतं, म्हणजे आपल्याला फॉलो न करणाऱ्या अनोळखी माणसालाही ते वर्तुळ उघडता येतं. शिवाय कुणी बघितलं त्यांची नावं स्टोरी टाकल्यापासून ४८ तासच दिसतात. त्यानंतर कोण येऊन बघून गेलं ते आपल्याला कळत नाही. म्हणून ‘अभिप्राय’मध्ये जाण्याआधी नाव, नंबर आणि पत्ता आम्ही झाकतो आणि ज्यांचा मेसेज आहे त्यांना पुन्हा एकदा विचारतो. पुष्कळजण हो म्हणतात. जे काही बोलत नाहीत त्यांचा लावत नाही.

स्टोरी ज्यांच्यापासून लपवली आहे त्यांना तिचं हायलाइटही दिसत नाही, ही चांगली सोय आहे. पण याचीच दुसरी बाजू अशी की फक्त Close Friends साठी टाकलेली स्टोरी वर्तुळात ठेवली, तर ती त्या यादीतल्यांनाच दिसते. दराची स्टोरी सगळ्यांना पुन्हा पुन्हा दाखवायला नको म्हणून कुणी ही युक्ती करत असेल, तर नव्या गिऱ्हाइकाला दर दिसणारच नाहीत.

वर्तुळांच्या रांगेबद्दल थोडंसं. ज्यात नवीन भर पडते ते वर्तुळ पुढे येतं. म्हणून ‘दर’ आणि ‘ऑर्डर’ ही दोन पहिली राहावीत असं वाटत असेल, तर बाकी सगळी भर घालून झाल्यावर शेवटी त्यांना हात लावा. कव्हरवर रंगीत चित्रं लावण्यात मी वेळ घालवला नाही. कुरडईच्या वर्तुळावर कुरडईच बरी.

वापरण्यासारखं आहे का? हंगामी धंदा असेल तर नक्की. रोज डबे देणाऱ्यांना तेवढा फायदा नाही, कारण रोज बदलणारा मेनू वर्तुळात ठेवून उपयोग काय? आणि आमची अर्धी गिऱ्हाइकं, विशेषतः गावाकडची, व्हॉट्सॲप स्टेटसच बघतात. तिथे चोवीस तासांनंतर असं काही टिकवून ठेवायची सोय नाही. त्यांना कुरडईच्या क्लिपा मी थेट पाठवते. त्यासाठी प्रत्येक क्लिप फोनच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते, आणि एखाद्या दिवशी अकाउंटच हातचं गेलं तर अर्काइव्हही जाणार, तेव्हाही तोच फोल्डर कामाला येईल.