‘प्रीमियम’ वेलदोड्यांचं पाकीट: काय लिहिलं होतं आणि काय निघालं

दिवाळीला मी ऑर्डरने लाडू, चिरोटे करून देते. त्यासाठी ऑनलाइन 250 ग्रॅम वेलदोडे मागवले. विक्रीच्या पानावर लिहिलं होतं: ‘केरळच्या हिरव्या टेकड्यांतून हाताने निवडलेली, जंबो, गोर्मे, एक्सपोर्ट क्वालिटी वेलची.’ वाणसामानाच्या दुकानातल्या दरापेक्षा किंमत बरीच जास्त होती. आलेला माल हलका, जुना आणि रंगवलेला निघाला. तुम्हाला तसं होऊ नये म्हणून सविस्तर लिहिते.

वजन सगळ्यात आधी पाहिलं. बंद पाकीट काट्यावर बरोबर 250 ग्रॅम भरलं. वेलदोडे भांड्यात ओतून मोजले तर 231. पाकीट जाड होतं, झिपवालं, आणि त्याचंही वजन मालात धरलेलं होतं. छापलेलं वजन निव्वळ मालाचं असावं लागतं. एवढ्या पाकिटात 9 ग्रॅमपर्यंतचा फरक नियमात चालतो, इथे 19 कमी होते.

मग दाणे. चांगल्या वेलदोड्यात दाणे जास्त आणि साल कमी असते. दाण्यांचा वाटा साधारण दोन तृतीयांश तरी भरतो. मी 10 ग्रॅम सोलले तर दाणे जेमतेम निम्मे निघाले, काही वेलदोडे तर आत रिकामेच. व्यापारात हे ओळखायला एक लिटर मापात किती ग्रॅम वेलदोडे मावतात ते बघतात. ‘अलेप्पी ग्रीन एक्स्ट्रा बोल्ड’ या प्रतीला आकार 7 मि.मी. आणि लिटरला किमान 435 ग्रॅम लागतात. घरी अर्ध्या लिटरच्या मापात सपाट भरून पाहा, 217च्या आसपास यायला हवेत. माझ्या मापात 168 मावले. म्हणजे आकार मोठा दिसत होता, पण आत भरीवपणा नव्हता. ‘जंबो’ या शब्दाने नेमकं हेच झाकलं जातं.

पॅकिंगची तारीख मात्र ताजी होती, मागच्याच महिन्याची. तरी दाणे तपकिरी, कोरडे, चुरगळणारे. ताजे दाणे काळपट आणि किंचित चिकट असतात. केरळातल्या इडुक्कीकडे तोडणी साधारण पावसाळ्यात सुरू होऊन जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालते. व्यापाऱ्याकडे वर्ष-दीड वर्ष पडून राहिलेला माल मागच्या महिन्यात पाकिटात भरला, तर पाकिटावर तारीख मागच्या महिन्याचीच येते. शिवाय इतर छापील माहिती विक्रीच्या पानावर देणं विक्रेत्यावर बंधनकारक असलं, तरी पॅकिंगचा महिना-वर्ष त्यातून वगळलेलं आहे. त्यामुळे ते विचारल्याशिवाय कळत नाही. विचारताना ‘माल कोणत्या हंगामाचा’ हेही विचारा.

‘केरळच्या टेकड्या’ हाही पत्ता नव्हेच. पाकिटावर होता तो पॅकिंग करणाऱ्याचा शहरातला पत्ता आणि ‘मूळ देश: भारत’. बोडीनायकनूर किंवा पुट्टडीच्या वेलची-लिलावातला माल घेणारा माणूस तालुक्याचं किंवा बाजाराचं नाव सहज सांगू शकतो.

रंगाची शंका आली ती एकसारख्या गडद हिरव्यामुळे. ओल्या पांढऱ्या कापसाने वेलदोडा पुसला तर कापूस लगेच हिरवा झाला. नैसर्गिक वेलदोड्याचा रंग असा सुटत नाही. मी ते लाडवांत घातले नाहीत, ऑर्डरसाठी दुकानातून दुसरे आणले.

तक्रार केली तेव्हा विक्रेत्याचं उत्तर आलं, ‘नैसर्गिक उत्पादन आहे, थोडाफार फरक पडतोच.’ वास नाही म्हटलं तर म्हणे, ‘गोर्मे’ ही आमची प्रत आहे. ‘जंबो’ म्हणजे किती मि.मी. ते पानावर कुठेच नव्हतं, त्यामुळे खोटं ठरवायला काही हातात नव्हतं. रंगाचं त्यांनी साफ नाकारलं. पैसे परत मिळाले ते फक्त कमी भरलेल्या वजनाचे, कारण 250 हा पानावरचा एकमेव मोजता येणारा आकडा होता. बंद पाकीट काट्यावर असतानाचा आणि नंतर मालाचा, असे दोन्ही फोटो काढले होते म्हणून तेवढं तरी झालं.

आता मी घेते त्या विक्रेत्याचं पान साधं आहे: ‘हिरवी वेलची, अख्खी. इडुक्की जिल्हा, वंडनमेडू भाग. 7 ते 8 मि.मी. या हंगामाची तोड. पॅकिंग: नोव्हेंबर. निव्वळ वजन 100 ग्रॅम.’ वेलची पूडही तो विकतो, तिच्यापुढे लिहितो ‘फक्त दाण्यांची, बारीक दळलेली’. सालीसकट दळलेल्या पुडीचं वजन वाढतं आणि वास कमी येतो, म्हणून पूड घेताना हे विचारायलाच हवं.

असा माल आला असेल तर पाकीट फेकू नका. त्यावरचा 14 आकडी FSSAI परवाना क्रमांक तक्रारीत लागतो. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. रंगाची शंका असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे न वापरलेला माल पाकिटासकट घेऊन जा.