जॅकोबी घ्यावी की गाउस-सायडल? मला नडली ती सम-विषमाची फाटाफूट

रेषीय समीकरणांची मॅट्रिक्स मोठी आहे, बहुतेक जागी शून्यं आहेत आणि ठोकळ पुनरावृत्तीनेच उत्तर काढायचं ठरलं आहे, असं धरून चालतो. SOR किंवा कॉन्जुगेट ग्रेडियंटकडे जाण्याआधी बहुतेकांसमोर हेच दोन पर्याय असतात. जॅकोबीत सगळी नवी मूल्यं जुन्यांवरून काढायची, तर गाउस-सायडलमध्ये हाती आलेलं नवं मूल्य लगेच पुढच्या ओळीत वापरायचं. दोन्ही मी बरीच वापरली आहेत. शेवटी एकीकडे झुकलो, पण ते माझ्या कामाच्या स्वरूपामुळे. तुमचं काम वेगळं असेल तर निर्णयही वेगळा होऊ शकतो.

जिथे फरक पडत नाही ते आधी उरकतो. प्रत्येक ओळीत कर्णावरची संख्या बाकीच्यांच्या निरपेक्ष बेरजेपेक्षा ठळकपणे मोठी असेल, तर दोन्ही पद्धती हमखास अभिसरतात. उष्णतेच्या समीकरणात काळाची पायरी लहान ठेवली की असंच होतं. समजा कर्णावर २ आणि दोन्ही बाजूंना −०.५ आहे. मग जॅकोबीच्या पुनरावृत्ती मॅट्रिक्समधली ओळींची बेरीज फार तर ०.५ भरते आणि स्पेक्ट्रल रेडियस, म्हणजे आयगेनव्हॅल्यूंमधलं सर्वांत मोठं निरपेक्ष मूल्य, त्याच्या वर जात नाही. दर फेरीला चूक निदान निम्मी होते. अशा ठिकाणी मी जॅकोबीबद्दल तक्रार करणार नाही. लिहायला सोपी आहे, अज्ञातांच्या क्रमावर अवलंबून नाही आणि जीपीयूवर तर जणू तिथेच जन्मलेली.

माझं काम मात्र दाबाच्या समीकरणाचं होतं. सगळीकडून बंद पोकळीतला प्रवाह असला की दाबाला कुठल्याच भिंतीवर ठरलेलं मूल्य नसतं, फक्त भिंतीला लंब दिशेचा उतार दिलेला असतो. मग प्रत्येक ओळीत कर्ण आणि बाकीच्यांची बेरीज अगदी बरोबरीत सुटते. कर्णाचं वर्चस्व आहे, पण काठावरचं. जॅकोबीने मला नेमकं इथेच वैताग आणला. फेऱ्या चालू राहायच्या, लागोपाठच्या दोन फेऱ्यांमधला फरक एका आकड्यावर अडकून बसायचा आणि दाबाचं चित्र बुद्धिबळाच्या पटासारखं लुकलुकायचं. एका फेरीला काळी घरं वर, पुढच्या फेरीला पांढरी.

दोनच पेशी घेतल्या तरी हे दिसतं:

```
 p1 - p2 =  1
-p1 + p2 = -1
```

उजव्या बाजूंची बेरीज शून्य आहे, म्हणजे उत्तर आहे. पण दोन्ही पेशींत एकच स्थिरांक मिळवला तरी समीकरणं पाळली जातात, त्यामुळे ते एकमेव नाही. (०, ०) पासून जॅकोबी चालवा. पहिल्या फेरीत (१, −१), दुसरीत पुन्हा (०, ०), तिसरीत पुन्हा (१, −१). असंच जन्मभर. गाउस-सायडल पहिल्याच फेरीत p1 = १ काढते, तेच वापरून p2 = ० काढते आणि थांबते.

कारण आयगेनव्हॅल्यूंमध्ये आहे. इथे जॅकोबीच्या मॅट्रिक्सची मूल्यं +१ आणि −१ आहेत. +१ निरुपद्रवी आहे, तो फक्त दाबाला स्थिरांक मिळवण्याची मोकळीक दाखवतो. −१ मुळे मात्र चूक दर फेरीला चिन्ह बदलते आणि मरत नाही. पेशी वाढवल्या तरी हा −१ जात नाही, कारण अशा जाळीत काळ्या घराचे शेजारी फक्त पांढरे आणि पांढऱ्याचे फक्त काळे असतात. त्यामुळे जॅकोबी प्रत्यक्षात दोन स्वतंत्र गणितं चालवत असते. या फेरीची काळी घरं मागच्या फेरीच्या पांढऱ्यांवरून येतात आणि या फेरीच्या पांढऱ्यांशी त्यांचा संबंधच येत नाही. दोन्ही गणितं वेगवेगळ्या स्थिरांकांवर स्थिरावली, की पट लुकलुकतो.

आता एका टोकाला दाब ठरवून देऊ, म्हणजे पहिली ओळ 2·p1 − p2 = 1 होईल. खरं उत्तर (०, −१). एका ओळीत तरी वर्चस्व पक्कं झालं आणि पेशी एकमेकींना जोडलेल्या आहेत, एवढ्यावर दोन्ही पद्धती अभिसरतात. जॅकोबीच्या मॅट्रिक्समध्ये ओळींची सर्वांत मोठी बेरीज अजूनही १ च आहे, पण स्पेक्ट्रल रेडियस ०.७०७ वर आला. नुसती ओळींची बेरीज बघून घाबरू नये ते यासाठी. शून्यापासून जॅकोबी अशी जाते: (०.५, −१), (०, −०.५), (०.२५, −१), (०, −०.७५). दर फेरीला एक पेशी बरोबर आणि दुसरी चुकलेली, म्हणजे दोन गणितांची गुंफण इथेही आहेच. गाउस-सायडल (०.५, −०.५), (०.२५, −०.७५) अशी दर फेरीला चूक निम्मी करते. तिचा रेडियस ०.५, म्हणजे ०.७०७ चा वर्ग. हा योगायोग नाही. अशा जाळ्यांसाठी वर्गाचा हा नियम डेव्हिड यंग यांच्या १९५० च्या प्रबंधातून येतो.

आतले ९९ बिंदू आणि दोन्ही टोकं ठरलेली अशी दांडी घेतली, तर जॅकोबीचा रेडियस cos(π/100), म्हणजे साधारण ०.९९९५. एक दशांश अंक मिळवायला तिला सुमारे ४,६६५ फेऱ्या लागतात आणि गाउस-सायडलला त्याच्या निम्म्या. फेरीचा खर्च तोच, मग मी दुप्पट का मोजू? (खरं तर ती निम्मी संख्याही लाजिरवाणीच आहे.) लागोपाठच्या फेऱ्यांतला फरक मात्र दोन्हीकडे फसवतो. रेडियसला ρ म्हटलं, तर खरी चूक त्या फरकाच्या साधारण ρ/(1−ρ) पट असते. जॅकोबीत ही पट दोन हजारांच्या आसपास जाते, गाउस-सायडलमध्ये हजाराच्या. फरक १०⁻⁶ वर आला म्हणून थांबलात, तर चूक १०⁻³ च्या घरात असू शकते. थांबण्याची अट शेषावर ठेवा आणि तीही सैल नको.

जॅकोबीची बाजू घेणारे लगेच दर फेरीचा बदल ०.६७ सारख्या गुणकाने कमी करायला सांगतात. तसं केलं की −१ चा −०.३४ होतो आणि लुकलुक थांबते, हे मान्य. पण सावकाश मरणारी गुळगुळीत चूक त्यामुळे दीडपट हळू जाते. मल्टिग्रिडमध्ये नुसतं खडबडीतपण घासून काढायचं असेल तर हा सौदा चांगला आहे. एकटीच पद्धत चालवायची असेल तर मला तो पटत नाही.

गाउस-सायडल सगळीकडे सरस आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ही मॅट्रिक्स बघा:

```
1  2 -2
1  1  1
2  2  1
```

जॅकोबीचा रेडियस इथे शून्य आहे आणि ती तीन फेऱ्यांत अचूक उत्तर देते. गाउस-सायडलचा रेडियस २, म्हणजे ती उधळते. वर्चस्व कुठल्याच ओळीत नाही. उलट कर्णावर १ आणि बाकी सगळीकडे ०.८ अशी तीन बाय तीनची सममित मॅट्रिक्स घेतली, तर जॅकोबीचा रेडियस १.६ होऊन ती उधळते, आणि मॅट्रिक्स धननिश्चित असल्यामुळे गाउस-सायडल अभिसरतेच. भौतिकशास्त्रातून माझ्यापर्यंत येणाऱ्या मॅट्रिक्स बहुतांशी या दुसऱ्या जातीच्या असतात, म्हणून माझा कल तिकडे.

जीपीयूचा प्रश्न उरतो. तिथे मी घरांना काळा-पांढरा रंग देऊन गाउस-सायडल चालवतो: आधी सगळी काळी एकदम, मग त्या नव्या मूल्यांवरून सगळी पांढरी एकदम. समांतर काम जवळजवळ जॅकोबीइतकंच होतं, वर्गाचा नियम टिकतो आणि जॅकोबीतल्या त्या दोन गणितांपैकी एकच शिल्लक राहतं.