यूपीएनपी की हाताने पोर्ट फॉरवर्ड? एका कन्सोलच्या घरासाठी

देवगडच्या घरी माझा एक्सबॉक्स वन एस पाच वर्षं यूपीएनपीवरच, म्हणजे कन्सोलने राउटरकडून बाहेरचं दार स्वतःच मागून घ्यायच्या सोयीवर, चालला आणि त्या काळात मी राउटरचं पान उघडूनही पाहिलं नाही. आता दोन वर्षांहून जास्त काळ यूपीएनपी बंद आहे आणि पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं ते क्रमांकाचं दार, मी हाताने कन्सोलकडे बांधलेलं आहे. दोन्ही वापरून झालेले असल्याने कुठलं कधी घ्यावं याबद्दल माझं एक मत बनलं आहे. तुमच्या घरची परिस्थिती वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं, ते पुढे सांगतोच.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण बरेच जण पिंग कमी होईल या आशेने पोर्टच्या मागे लागतात. यूपीएनपी असो वा हाताने केलेलं फॉरवर्डिंग, पिंग तेवढंच राहतं. फरक पडतो तो दुसऱ्यांशी थेट जोडणी होण्यात. राउटरमागून बाहेरच्यांशी किती मोकळेपणी जुळतं ते कन्सोल NAT Type म्हणून दाखवतो. एक्सबॉक्सवर तो ‘Open’ असेल तर सगळ्यांशी जुळतं, ‘Moderate’ असेल तर ‘Strict’ वाल्यांशी जुळत नाही, आणि ‘Strict’ असेल तर फक्त ‘Open’ वालेच उरतात. म्हणून लक्षण असं दिसतं, की पार्टीत चौघे आहेत, तिघांचा आवाज येतो आणि एकाचाच येत नाही. नेट मात्र सगळ्यांचं व्यवस्थित असतं.

माझी गाडी अडली ती गणपतीत. घरात मुंबईचे चाकरमानी, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि राउटर घरातल्या उपकरणांना वाटतो तो पत्त्यांचा पूल मी कधीकाळी `192.168.1.2` ते `192.168.1.20` एवढाच ठेवलेला. चतुर्थीच्या आदल्या रात्री लाईट गेली. राउटर छोट्या यूपीएसवर असल्याने चालू राहिला, कन्सोल मात्र खेळता खेळता बंद पडला. नंतर सणाच्या गडबडीत त्याला कोणी हात लावला नाही. गौरी-विसर्जनानंतर चालू केला तर NAT Type ‘Moderate’. डोंबिवलीचा भाचा परत घरी पोचून पार्टीत आला होता. तो टाईप करून सांगत होता, ‘मामा, तुझो आवाज येणा नाय.’

कन्सोल तीनदा रीस्टार्ट केला, केबल बदलली, काही फरक नाही. मग राउटरच्या पानावर यूपीएनपीची यादी उघडली. त्यातल्या नोंदी अशा होत्या:

```
Teredo  UDP  3074 -> 192.168.1.7:3074
DVR     TCP  8080 -> 192.168.1.9:80
DVR     TCP   554 -> 192.168.1.9:554
```

पहिली ओळ कन्सोलचीच आहे. एक्सबॉक्स आपली नोंद ‘Teredo’ या नावाने करतो. पण माझ्या कन्सोलचा पत्ता त्या दिवशी `192.168.1.7` नव्हता, `192.168.1.14` होता. झालं असं, की लाईट जाताना कन्सोलला आपली नोंद पुसायला वेळच मिळाला नाही. ती नोंद मुदतीशिवायची होती, म्हणजे राउटर बंद होईपर्यंत किंवा कोणी काढेपर्यंत ती तशीच राहणार. इकडे पत्त्याची २४ तासांची मुदत संपली, पूल पाहुण्यांच्या फोनांनी भरलेला, आणि राउटरने `192.168.1.7` माझ्या चुलत भावाच्या फोनला देऊन टाकला. काही दिवसांनी कन्सोल नव्या पत्त्याने उठला, त्याने 3074 हे पोर्ट मागितलं, आणि राउटरने ते दुसऱ्याच्या नावावर आहे म्हणून नाकारलं. यूपीएनपीच्या भाषेत ही 718 क्रमांकाची चूक, पण कन्सोल ती तुम्हाला दाखवत नाही. तो गुपचूप ‘Moderate’ वर बसतो.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. बिघाड झाला याचा त्रास कमी होता. कुठे झाला ते दिसत नव्हतं, हा त्रास मोठा होता. दोन्ही उपकरणं आपापल्या जागी नियमाने वागत होती, आणि मी केबल बदलत बसलो होतो. कोकणात जून ते सप्टेंबर लाईटचा भरवसा नाही. विजा चमकू लागल्या की आपण स्वतःच प्लग उपटून ठेवतो. म्हणजे कन्सोल नीट बंद न होणं हा आपल्याकडे अपवाद नाही, तो ऋतूच आहे. याच्या उलट प्रकारही मी अनुभवला आहे. राउटर रीस्टार्ट झाला, त्याची यूपीएनपीची यादी कोरी झाली, पण कन्सोल झोपेच्या मोडमध्ये होता. जागा झाल्यावर नोंद आहेच अशा समजुतीत तो राहिला. कन्सोल पूर्ण बंद करून चालू केला तेव्हा कुठे ‘Open’ आलं.

आता त्या खालच्या दोन ओळी. त्या आंब्याच्या पेट्या भरायच्या शेडवरच्या कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरच्या होत्या. ती पोर्ट मी उघडली नव्हती, कॅमेरे बसवणाऱ्यानेही मुद्दाम उघडली नव्हती. डीव्हीआरने राउटरला सांगितलं आणि राउटरने ऐकलं. यूपीएनपीची घडणच तशी आहे. घरातलं कुठलंही उपकरण म्हणालं की मला बाहेरून अमुक दार पाहिजे, तर राउटर पासवर्ड विचारत नाही, मालकालाही विचारत नाही. मागणारा कन्सोल आहे, कॅमेरा आहे की भाच्याच्या लॅपटॉपमध्ये शिरलेला व्हायरस, हे त्याला कळायचं साधनच नाही. २००८ साली पसरलेल्या कॉन्फिकर वर्मने नेमकी हीच वाट वापरून राउटरवर आपल्यासाठी दारं उघडून घेतली होती.

मी फोनचं वायफाय बंद केलं, मोबाईल डेटावरून घरच्या सार्वजनिक आयपीपुढे `:8080` लिहिलं, आणि डीव्हीआरचं लॉगिनचं पान समोर आलं. पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. आमची शेड कोणी बघितली का ते मला माहीत नाही. बघू शकत होता एवढं मात्र नक्की. त्याच संध्याकाळी यूपीएनपी बंद केलं.

हाताने करायचं काम किती आहे ते सांगतो. कन्सोलच्या ‘Advanced settings’ मध्ये त्याचा मॅक पत्ता, म्हणजे त्याच्या नेटवर्क जोडणीचा ओळखक्रमांक, मिळतो. राउटरच्या ‘Address Reservation’ मध्ये तो टाकून त्याला कायमचा एक पत्ता बांधून द्यायचा. मी `192.168.1.50` दिला आणि त्यासाठी पूलही वाढवला. ही पायरी टाळलीत तर गणपतीत माझं जे झालं तेच हाताने केलेल्या नियमाचंही होईल, नियम एका पत्त्याकडे आणि कन्सोल दुसऱ्याकडे. त्यानंतर पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये 3074, यूडीपी आणि टीसीपी दोन्ही, त्या पत्त्याकडे वळवायचं. अधिकृत यादीत 88, 500, 3544, 4500 ही यूडीपी पोर्टही आहेत. माझ्याकडे 3074 वरच ‘Open’ आलं, म्हणून बाकीची उघडली नाहीत. शेवटी यूपीएनपी बंद, राउटर रीस्टार्ट, आणि कन्सोलचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून तो पूर्ण बंद करून पुन्हा चालू. मग ‘Test NAT type’. राउटरची पानं सापडायला वेळ गेला, तरी सगळं अर्ध्या तासात झालं.

नियम राउटरच्या कायमच्या स्मृतीत असतात, त्यामुळे लाईट दहादा गेली तरी ते जागेवर राहतात. दार एकच, कुठे उघडतं ते मला माहीत, आणि त्यामागे कन्सोलशिवाय काही नाही. कोणी सांगेल की त्यापेक्षा कन्सोल डीएमझेडमध्ये टाक. एका पोर्टने काम होत असताना सगळी दारं सताड उघडायचं मला कारण दिसत नाही.

याही पद्धतीत दोन खोडी आहेत. कन्सोल केबलवरून वायफायवर नेलात तर मॅक पत्ता बदलतो, बांधलेला पत्ता लागू होत नाही आणि नियम हवेत राहतो. दुसरी आपल्या भागातली, वीज पडून राउटरच जातो. मागच्या मे महिन्यात वळवाच्या पावसात माझा गेला. नवा आणला की सगळं परत भरावं लागतं. म्हणून मॅक पत्ता, `192.168.1.50` आणि 3074 हे तिन्ही मी कपाटाच्या आतल्या बाजूला कागदावर चिकटवून ठेवलं आहे.

पण हे सगळं करण्याआधी एक तपासणी करा, नाहीतर अर्धा तास फुकट जाईल. राउटरच्या पानावर WAN IP, म्हणजे राउटरला कंपनीकडून मिळालेला पत्ता, बघा, आणि ‘माझा आयपी’ सांगणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळावरचा आयपी बघा. दोन्ही जुळले नाहीत, विशेषतः WAN IP `100.64` ते `100.127` च्या दरम्यान सुरू होत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला आहे. अशा वेळी यूपीएनपीही चालत नाही आणि हाताने केलेलंही. दोन्ही तुमच्या राउटरचं दार उघडतात, पण वाडीच्या वेशीवर कंपनीचं कुलूप असतं. माझ्या केबलवाल्याने महिन्याला थोडे जास्त पैसे घेऊन सार्वजनिक आयपी दिला. फायबरच्या डब्यामागे तुमचा स्वतःचा दुसरा राउटर असेल तर ‘Double NAT detected’ येतं. तेव्हा आधी एक राउटर ब्रिज किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट करा.

प्लेस्टेशनवाल्यांसाठी एवढंच, की तिथे ‘Type 2’ हेच राउटरमागच्या कन्सोलचं नेहमीचं आणि चांगलं उत्तर आहे. ‘Type 1’ च्या मागे लागून दारं उघडत बसू नका. ‘Type 3’ येत असेल तरच हात घाला.

यूपीएनपी कुठे ठेवावं, तर जिथे एकाच घरात दोन कन्सोल एकच खेळ खेळतात तिथे. 3074 हे पोर्ट हाताने एकाच पत्त्याकडे वळवता येतं, दुसऱ्या कन्सोलला ते मिळणार नाही. एक्सबॉक्सवर ‘Alternate port selection’ मधून दुसऱ्या कन्सोलला वेगळं पोर्ट देता येतं. यूपीएनपी चालू असेल तर त्याची नोंद कन्सोल स्वतःच करतो. तेही हाताने करता येतं, पण दोन-दोन नियम सांभाळायची सवय हवी. भाड्याच्या खोलीत राउटरचा पासवर्डच हातात नसेल तर प्रश्नच मिटला.

डोंबिवलीच्या भाच्याकडे दोन कन्सोल आहेत, कॅमेरे नाहीत, लाईट फारशी जात नाही. त्याला मी यूपीएनपी चालूच ठेवायला सांगितलं, फक्त महिन्यातून एकदा ती यादी उघडून बघ म्हटलं. परवा त्याने यादीचा फोटो पाठवला. दोनच ओळी होत्या, आणि दोन्ही पत्ते त्याच्या कन्सोलांचेच होते.