मुलांच्या हातावरचे मस्से: बाटलीतले थेंब की क्रायो?

इंदूरच्या मराठी घरांत त्याला मस्सा म्हणतात. पुण्याहून लग्न होऊन आलेल्या सुनेच्या तोंडी ती चामखीळ असते. मुलाच्या बोटावर खरखरीत, मसुरीच्या दाण्याएवढा फोड उठला की घरात पक्ष पडतात. एक म्हणतो, औषधाच्या दुकानातून थेंब आणू. दुसरा म्हणतो, स्किनच्या डॉक्टरांकडे नेऊन क्रायोने, म्हणजे थंडीने गोठवून, एकदाच काय ते जाळून टाकू. तिसरा पक्ष आजीचा, चुना-सोड्याचा. त्याच्याकडे नंतर येतो.

आधी तो मस्साच आहे ना, हे बघावं. बोटाच्या कातडीवरच्या बारीक रेषा मस्स्यापाशी येऊन तुटतात, त्याच्यावरून जात नाहीत. वरचा थर घासला की काळे ठिपके दिसतात. लोक त्यांना मुळं म्हणतात, पण त्या रक्त गोठून बंद झालेल्या केसासारख्या बारीक वाहिन्या असतात. दाणा मऊ, मोत्यासारखा चमकणारा आणि मधे खळगा पडलेला असेल तर तो बहुधा मोलस्कम, वेगळ्याच विषाणूचा फोड. त्याला हे थेंब लावू नयेत.

मस्सा इतका चिवट का, हे कळलं की निवड सोपी होते. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. हा विषाणू कातडीच्या अगदी वरच्या थरातच राहतो, रक्तात उतरत नाही. ज्या पेशीत शिरतो ती तो फोडतही नाही. पेशी आपल्या आयुष्याने वर सरकते, वाळते, गळते, आणि तिच्याबरोबर नवे विषाणू बाहेर पडतात. सूज नाही, पू नाही, ताप नाही, त्यामुळे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कित्येक महिने पत्ताच लागत नाही. लागला की मात्र मस्सा आपणहून जातो. मुलांमध्ये साधारण निम्मे वर्षभरात आणि दोन-तृतीयांश दोन वर्षांत काहीही न करता जातात. थुजाच्या गोळ्यांची कीर्ती पसरली ती बहुतेक यावरच. हातावर मस्से असलेल्या मुलांमध्ये 1996 साली झालेल्या एका चाचणीत होमिओपॅथीच्या आणि खोट्या गोळ्यांत फरक दिसला नव्हता.

म्हणजे नुसतं थांबणं हाही खरा पर्याय आहे. एखाद-दुसरा मस्सा, दुखत नाही, मूल त्याला हात लावत नाही, तर मी थांबायलाच सांगेन. पण मूल नखं कुरतडत असेल, मस्सा चावत-खोडत असेल, तर विषाणू शेजारच्या बोटांच्या बारीक ओरखड्यांत शिरतो आणि एकाचे सहा होतात. तिथे काहीतरी करावं. मग प्रश्न उरतो थेंब की क्रायो.

आधी क्रायोच्या बाजूचा आकडा सांगून टाकतो, नाहीतर माझा कल पाहून कुणी म्हणेल की लपवला. 2010 साली नेदरलँड्समध्ये एक मोठी तुलना झाली. त्यात या साध्या मस्स्यांसाठी 13 आठवड्यांनी क्रायोने 49 टक्के, रोज घरी सॅलिसिलिक ॲसिड, म्हणजे थेंबांतलं औषध, लावून 15 टक्के आणि नुसतं थांबून 8 टक्के लोक बरे झाले होते. त्यात मोठी माणसंही होती. कागदावर क्रायो पुढे आहे, वाद नाही.

पण क्रायो म्हणजे काय ते जवळून पाहा. उणे 196 अंशांचा द्रव नायट्रोजन फवाऱ्याने किंवा कापसाच्या बोळ्याने मस्स्यावर धरतात. भोवती एक-दोन मिलिमीटरची पांढरी कड उमटेपर्यंत, साधारण दहा सेकंद. आधी बोचतं, मग जळजळतं, आणि गोठलेलं बोट परत गरम होताना ठणकतं. दुसऱ्या दिवशी पाण्याचा, कधी रक्ताचा फोड येतो. आठ-दहा दिवसांत खपली पडते. खाली मस्सा उरलेला असतोच, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी परत. असं तीन-चार वेळा, कधी जास्त.

माझ्या मते सगळं अडतं ते इथेच. पहिल्या वेळी मूल कुतूहलाने हात पुढे करतं. दुसऱ्या वेळी ते दारातच हात पाठीमागे लपवतं. मग आई खांदे धरते, बाबा मनगट धरतात, आणि डॉक्टर दहाच्या जागी पाच सेकंदांत हात काढून घेतात, कारण हलत्या बोटावर फवारा शेजारच्या चांगल्या कातडीवर जायची भीती असते. पाच सेकंदांत वरचा थर जातो, खालचा राहतो. पुढची तारीख रडारडीमुळे दोन आठवड्यांची पाच आठवडे होते आणि तोवर उरलेला मस्सा पुन्हा जाड झालेला असतो. चाचणीतली क्रायो आणि सात वर्षांच्या मुलाला प्रत्यक्षात मिळणारी क्रायो यांत एवढं अंतर पडतं. मोजमाप नाही, पाहण्यातली गोष्ट सांगतोय. पण घरातल्या हातासाठी निवड करायची वेळ आली तेव्हा पारडं यानेच झुकलं.

दुसरी गोष्ट डागाची. रंग तयार करणाऱ्या पेशी थंडीने सगळ्यात आधी मरतात. गव्हाळ-सावळ्या हातावर त्यामुळे पांढरा ठिपका राहतो, महिनोन्‌महिने, क्वचित कायमचा. आपल्याकडे हातावर पांढरा डाग दिसला की लग्नकार्यात चार जणी पदराआडून कोडाची चौकशी करतात. त्रास फार मोठा नाही, पण तो सांगूनच क्रायो करावी.

आता थेंब. दुकानात नुसतं मस्स्याचं औषध मागितलं तर कधी 3 किंवा 6 टक्क्यांचं मलम मिळतं. मस्स्यासाठी ते फिकं पडतं. बाटलीवर 16.7 टक्के सॅलिसिलिक ॲसिड, 16.7 टक्के लॅक्टिक ॲसिड आणि कोलोडियन असं लिहिलेलं हवं. कोलोडियनचा वाळून पापुद्रा होतो आणि औषध जागेवर राहतं. उलट पायाच्या कुरूपावर लावतात ती 40 टक्क्यांची कॉर्नची पट्टी मुलाच्या बोटाला नको. ती सरकते आणि चांगली कातडी पांढरी पडून सोलते.

रात्री झोपण्याआधीची वेळ चांगली. बोट पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवायचं. पुसून नखं घासायच्या कागदी पट्टीने वरचा पांढरा, मेलेला थर घासायचा. रक्त किंवा दुखणं सुरू व्हायच्या आधी थांबायचं. भोवतीच्या कातडीवर व्हॅसलिनचं बारीक कडं काढायचं. मग बाटलीतल्या दांडीने नको, टूथपिकच्या टोकाने एक थेंब फक्त मस्स्यावर ठेवायचा, वाळू द्यायचा आणि वर कापडी चिकटपट्टी. घासायची पट्टी त्याच मुलासाठी, आणि काम संपल्यावर फेकून द्यायची. तिच्यावर विषाणू असतो. बाटलीचं झाकण लगेच लावायचं. मे महिन्यात उघडी राहिलेली बाटली आठवड्यात मधासारखी घट्ट होते आणि मग थेंब पडतच नाही. औषध पटकन पेट घेतं, म्हणून देवघरातल्या निरांजनापासून आणि गॅसपासून लांब. चेहऱ्यावर आणि लघवीच्या जागी मुळीच नाही. मधुमेह असलेल्या किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

तिसरीतली एक मुलगी धरा. उजव्या तर्जनीच्या पेरावर पाच मिलिमीटरचा एक, मधल्या बोटाच्या पाठीवर तीनचा एक, आणि अंगठ्याच्या नखाला चिकटून एक. पहिल्या आठवड्यात काहीच घडत नाही, फक्त पापुद्रा जमतो. दुसऱ्यात मस्सा पांढरा, मऊ होतो आणि घासला की पिठासारखा निघतो. तिसऱ्यात बहुधा कुणाचा तरी हात सैल सुटतो, दोन थेंब पडतात, आणि कड लाल होऊन चुरचुरते. तीन दिवस औषध बंद, नुसतं व्हॅसलिन, मग परत सुरू. पाचव्या-सहाव्या आठवड्यात दोन्ही मस्से कातडीच्या पातळीला येतात, हाताला लागत नाहीत. बहुतेक घरं इथे बाटली कपाटात ठेवतात, आणि दोन महिन्यांनी मस्सा परत आला म्हणून औषधाला नावं ठेवतात. तो परत आलेला नसतो, गेलेलाच नसतो. काळे ठिपके दिसतात तोवर काम बाकी आहे. ठिपके गेले आणि बोटाच्या रेषा त्या जागेवरून सलग जायला लागल्या की संपलं. मधल्या बोटाचा आठव्या आठवड्यात जाईल, तर्जनीचा बाराव्यापर्यंत घेईल.

नखापाशी मात्र थेंबांचं फारसं चालत नाही. औषध नखाच्या घडीत उतरून झोंबतं, पट्टी टिकत नाही, आणि मस्स्याचा अर्धा भाग नखाखाली असतो. क्रायोही तिथे जपून करावी लागते, कारण नखाचं मूळ गोठलं तर नख वेडंवाकडं वाढतं. हा मस्सा सरळ स्किनच्या डॉक्टरांना दाखवावा. पुष्कळ मस्से असतील तर आजकाल ते सगळ्यात मोठ्या मस्स्यात एमएमआर लशीचं इंजेक्शनही देतात. प्रतिकारशक्तीला जागं करायचं आणि तिनेच बाकीचे काढायचे, असा हिशेब. चांगली कल्पना आहे, पण सुई बोटात टोचायची असते, आणि तीही दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने अनेकदा.

विजेने जाळणं मी मुलाच्या हातासाठी शेवटी ठेवेन. भूल द्यावी लागते, व्रण राहतो, आणि व्रणाच्या कडेला मस्सा परत उगवू शकतो. आजीचा चुना-सोडा म्हणजे तीव्र क्षार. तो मस्सा आणि कातडी यांत फरक करत नाही, खोल भाजतो. बिब्ब्याचंही तेच. आजी ऐकत नसतील तर त्यांच्या हाती चिकटपट्टी कापायचं काम द्यावं. नुसत्या चिकटपट्टीने मस्से जातात असा 2002 सालचा गाजलेला अभ्यास आहे, पण 2006 मध्ये शाळकरी मुलांवर झालेल्या चाचणीत चिकटपट्टीने 16 टक्के आणि खोट्या उपचाराने 6 टक्के एवढाच, म्हणजे ठामपणे सांगता न येणारा फरक निघाला. थेंबांवर झाकण म्हणून ती उत्तम.

वेळ मात्र बघून निवडा. लिहित्या बोटावर क्रायोचा फोड वार्षिक परीक्षेच्या आठवड्यात आला तर पेन धरता येत नाही. थेंबांची कातडीही रंगपंचमीच्या गेरीच्या दिवशी रंगाने चुरचुरते, म्हणून आधीचे चार-पाच दिवस बाटली बंद ठेवावी. आणि बारा आठवडे एक दिवस न चुकता लावूनही मस्सा आहे तेवढाच राहिला, तर मुलाशी आधी नीट बोलून, खरं किती दुखेल ते सांगून, मीही क्रायोलाच नेईन.