दिनदर्शिका विकावी की देणगी मागावी?

ऐकू न येणाऱ्या मुलांना श्रवणयंत्रे देणारी एक छोटी संस्था डोळ्यांसमोर आणा. यंत्र दिले की काम संपले, असे तिथे होत नाही. सेल संपतात. मूल वाढते तसा कानही वाढतो, त्यामुळे कानात बसणारा साचा पुन्हा पुन्हा नवा करावा लागतो, अगदी लहान बाळांचा तर काही महिन्यांतच. म्हणजे पैसा दरवर्षी लागतो. तो उभा करण्यासाठी विश्वस्तांसमोर दोन प्रस्ताव आहेत: मुलांनी काढलेल्या चित्रांची दिनदर्शिका छापून विकायची, किंवा लोकांना पत्र लिहून सरळ देणगी मागायची.

अशा बैठकीत बहुतेक वेळा दिनदर्शिका जिंकते. "हात पसरण्यापेक्षा विकलेलं बरं, समोरच्याच्या हातात काहीतरी पडतं," असे कोणीतरी म्हणते आणि बाकीच्यांना हायसे वाटते. मी बरीच वर्षे छोट्या संस्थांसाठी आवाहनपत्रे लिहिते आहे आणि हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. त्यात एक गृहीतक दडलेले आहे: देणगीदाराला काहीच मिळत नाही. निर्णय घेण्याआधी ते तपासायला हवे.

विक्रीत दोन बाजू असतात. जो पैसे देतो त्यालाच वस्तू मिळते. ती खराब निघाली तर त्याला लगेच कळते आणि तो पुन्हा येत नाही. देणगीच्या व्यवहाराला तीन कोपरे आहेत. पैसे देणारा एक, यंत्र मिळणारे मूल दुसरे, आणि मध्ये संस्था. मार्केटिंगचे अभ्यासक रिचर्ड बागोझी यांनी १९७५ साली अशा फिरत्या देवाणघेवाणीची मांडणी केली. तिच्यात परतफेड ज्याला दिले त्याच्याकडून येत नाही, ती वळसा घेऊन तिसऱ्याकडून येते.

या तिसऱ्या कोपऱ्यातूनच खरी अडचण सुरू होते. मुलाला यंत्र मिळाले का, ते त्याच्या कानात नीट बसते का, सहा महिन्यांनी चालू आहे का, यातले काहीही देणगीदाराला दिसत नाही. कायद्याचे अभ्यासक हेन्री हान्समन यांनी १९८० मध्ये दाखवले की नफा न वाटणाऱ्या संस्थांची गरज नेमकी इथे पडते: देणाऱ्याला माल तपासता येत नाही, म्हणून निदान 'उरलेला पैसा कोणाच्या खिशात जाणार नाही' या बंधनावर तो विसंबतो. पण त्या बंधनाने काम चांगले होईलच, अशी खात्री मिळत नाही. वाईट साबण बाजारातून उठतो. वाईट काम करणारी संस्था चांगल्या पत्राच्या जोरावर वर्षानुवर्षे देणग्या गोळा करू शकते. मला या क्षेत्रातली ही सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

मग देणगीदाराला मिळते तरी काय? आपण काही केले याचे समाधान मिळते. अर्थशास्त्रज्ञ जेम्स अँड्रिओनी यांनी १९९० च्या सुमारास या 'देण्याच्या उबे'ला सिद्धांतात जागा दिली. पण ती ऊब पैसे देतानाच मिळून जाते आणि लवकर निवते. तिच्यानंतर देणगीदाराला संस्थेकडून एकच गोष्ट येणे असते, ती म्हणजे बातमी. 'तुमच्या पैशातून हे झाले' हे सांगणारे पत्र म्हणजे या व्यवहारातला माल. ते गेले नाही, तर पैसे घेऊन माल न पाठवल्यासारखेच झाले. दुकानदार असे करणार नाही, संस्था मात्र सर्रास करतात, कारण कोणी तक्रार करायला येत नाही. देणगीदार भांडत नाही, तो फक्त पुढच्या वर्षी देत नाही.

आता हिशोब मांडू. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, चलन कोणतेही समजा. दिनदर्शिकेच्या ३०० प्रती प्रत्येकी ६ खर्चून छापल्या, म्हणजे १,८०० गेले. किंमत १० ठेवली आणि २४० खपल्या, २,४०० आले. उरले ६००. राहिलेल्या ६० प्रती नवे वर्ष लागले की रद्दी. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच कष्ट आणि पुन्हा ६००. चार वर्षांत २,४००.

पत्रांचे गणित वेगळे चालते. १,५०० पत्रे, प्रत्येकी १ खर्च. शंभरातल्या दोघांनी प्रतिसाद दिला, म्हणजे ३० देणगीदार. प्रत्येकाने सरासरी ४५ दिले. जमा १,३५०, खर्च १,५००. पहिल्याच वर्षी १५० चा तोटा! इथेच बऱ्याच संस्था घाबरून थांबतात. पण दुसऱ्या वर्षी त्या ३० जणांपैकी निम्मे, १५ जण, पुन्हा देतात: ६७५. त्या ३० जणांना आभार, अहवाल आणि नवे पत्र पाठवायला माणशी ३, म्हणजे ९० खर्च. उरले ५८५. तिसऱ्या वर्षी त्यांतले १२ आणि चौथ्या वर्षी १० टिकले, तर त्याच गटातून अनुक्रमे ४९५ आणि ४१४ उरतात. दरवर्षी नवी १,५०० पत्रे पाठवत राहिलो, तर नव्या गटाचा तोटा आणि जुन्या गटांची शिल्लक धरून चार वर्षांचे आकडे असे येतात: उणे १५०, मग ४३५, मग ९३०, मग १,३४४. एकूण २,५५९. म्हणजे तिसऱ्या वर्षी पत्रांची वार्षिक शिल्लक दिनदर्शिकेला मागे टाकते, आणि एकूण बेरजेत पत्रे पुढे जातात ती चौथ्या वर्षी, तीही थोडक्या फरकाने.

यातला फक्त एक आकडा बदला. दुसऱ्या वर्षी ३० पैकी १५ ऐवजी १० च परत आले आणि पुढे ८ आणि ७ टिकले, तर चार वर्षांची बेरीज १,४३१ वर येते आणि दिनदर्शिका सहज जिंकते. पत्राची भाषा, कागद, पाकिटावरचा मजकूर यांवर बैठकीत तासन् तास चर्चा होते. निर्णय मात्र दुसऱ्या वर्षी किती जण परतले यावर ठरतो, आणि ते बव्हंशी पहिल्या देणगीनंतरच्या त्या बातमीवर अवलंबून असते.

दिनदर्शिकेचे गिऱ्हाईकही पुढच्या वर्षी परत येते, हे खरे. पण ते कशासाठी आले, हे कळत नाही. चित्रे आवडली, भिंतीवर जागा होती, की मुलांसाठी? किंमत १० छापली, की १०० देऊ शकणाराही १० च देतो आणि आपले कर्तव्य पूर्ण झाले असे त्याला वाटते. देणगीत किंमत देणारा ठरवतो. 'एवढ्या रकमेत एका मुलाचे वर्षभराचे सेल येतात' असे लिहिले, तर त्याला अंदाज येतो, पण वरचे दार उघडे राहते. फक्त असे लिहिले की ते पैसे सेलसाठीच वापरायचे, हे पक्के लक्षात ठेवावे लागते. साच्यांना पैसे कमी पडले म्हणून तिकडे वळवले, तर दिलेला शब्द मोडला.

'मग दोन्ही एकत्र करू, देणगी देणाऱ्याला दिनदर्शिका भेट देऊ' ही सूचना हमखास येते. इथे जरा थांबायला हवे, कारण भेट आधी देणे आणि भेटीचे आमिष दाखवणे यांचे परिणाम उलटे दिसले आहेत. आर्मिन फाल्क यांनी स्वित्झर्लंडमध्ये झुरिच परिसरात सुमारे १०,००० आवाहनपत्रांवर प्रयोग केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पत्रे ढाक्यातल्या रस्त्यावरच्या मुलांसाठी होती. काही पाकिटांत भेट नव्हती, काहींत मुलांनी काढलेल्या चित्राचे एक पोस्टकार्ड होते, काहींत चार. द्या किंवा न द्या, कार्डे तुमचीच. एका कार्डाने देणग्यांची संख्या १७ टक्क्यांनी वाढली, चार कार्डांनी ७५ टक्क्यांनी. याउलट २०१२ मध्ये न्यूमन आणि शेन यांना आढळले की 'देणगी दिलीत तर ही वस्तू मिळेल' असे सांगितल्यावर लोक कमी देतात. मला यामागचे कारण असे दिसते: अट घातली की माणूस देण्याच्या मनःस्थितीतून खरेदीच्या मनःस्थितीत जातो आणि वस्तूची किंमत मोजू लागतो. मग वस्तू महाग दिसली तर 'माझे पैसे यावर उधळले', आणि स्वस्त दिसली तर 'एवढ्याचे एवढे?' बिनशर्त भेटीतही धोका आहेच: ती मुलांच्या हातची, साधी आणि स्वस्त असावी. चकचकीत वस्तू पाठवली तर पैसा कुठे जातो, हा प्रश्न पाकीट उघडतानाच पडतो.

तो प्रश्न विक्रीत कधीच येत नाही. दिनदर्शिका घेणारा 'यातला किती टक्के पगारावर गेला?' असे विचारत नाही. देणगीदार विचारतो, आणि त्याचे चुकत नाही. मुलाच्या कानातले यंत्र त्याला तपासता येत नाही, म्हणून तो जे तपासता येते ते, म्हणजे व्यवस्थापन खर्चाचे प्रमाण, तपासतो. पण कमी प्रमाण म्हणजे चांगले काम नव्हे. साचा नीट बसवणाऱ्या तंत्रज्ञाचा पगार वाचवला, तर आकडा छान दिसेल आणि यंत्र खणात पडून राहील. उरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगात, व्यवस्थापनाचा खर्च एका मोठ्या देणगीदाराने आधीच उचलला आहे, असे कळवल्यावर लोकांनी लक्षणीय जास्त दिले. ओळखीत असा कोणी असेल तर त्याच्याकडे नेमके हेच मागा. आणि ते खरे असेल, तरच पत्रात लिहा.

आता निवडीबद्दल. पैसा एकदाच हवा असेल, उदाहरणार्थ श्रवण तपासणीचे एक उपकरण घ्यायचे असेल, विकणारे हात भरपूर असतील आणि वस्तू संस्थेच्या नावाशिवायही खपण्यासारखी असेल, तर खुशाल विका. त्या वेळी ती दुकानदारी आहे हे मान्य करा, नफा काढा आणि गिऱ्हाइकाला देणगीदार समजू नका. काम दरवर्षीचे असेल तर पत्रेच पाठवा, मात्र दोन अटींवर. पहिल्या वर्षीचा तोटा सोसायची तयारी हवी. आणि मुलांकडून बातमी आणून देणगीदारापर्यंत पोचवणारा एक माणूस नेमलेला हवा. तो नसेल, तर वरच्या हिशोबातला दुसरा आकडाच खरा ठरेल आणि दिनदर्शिका बरी.

बातमी आणतानाही तिसरा कोपरा विसरता येत नाही. रडणाऱ्या मुलाचा फोटो लावला की लोक लवकर देतात. ते मूल उद्या दहावीत जाईल आणि तो फोटो त्याच्या वर्गमित्रांना सापडेल. मी आता यंत्र लावल्यावरचा फोटो, पालकांना तो कुठे छापणार हे सांगून, त्यांच्या संमतीने वापरते.

सुरुवात छोटी करा. ओळखीच्या ४०० जणांची यादी चिठ्ठ्या टाकून दोन भागांत वाटा. निम्म्यांना नुसते पत्र, निम्म्यांना पत्रासोबत मुलाने काढलेल्या चित्राचे एक कार्ड. कोणी किती दिले ते वहीत लिहा. आकडे लहान असल्याने थोड्या फरकावर विसंबू नका. पावती आणि आभार आठवड्याच्या आत पाठवा, तीन महिन्यांनी बातमी पाठवा, आणि वर्षाने पुन्हा मागा. त्या दिवशी वहीत पहिल्या नावांपैकी किती परत दिसतात ते मोजा, आणि मगच छापखान्यात दिनदर्शिकेचा दर विचारायला जा.