राऊटर आणि नेट दोन्ही बदलल्यावर घरचे कॅमेरे आणि फायली पुण्यातून चालू ठेवणे: एका पावसाळ्याचा अनुभव

खानापूरच्या घरी उन्हाळ्याच्या शेवटी तांब्याच्या तारेचे जुने कनेक्शन बंद करून गावातल्या केबलवाल्याचे फायबर घेतले. त्याच्याबरोबर राऊटरही नवा आला. घरी आई-आप्पा आणि दादा-वहिनी असतात, मी पुण्यात. इथून मला घरच्या तीन गोष्टी रोजच्या रोज लागतात. एक म्हणजे चार कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. दुसरा, घरचे फोटो आणि जमिनीचे कागद ठेवलेला रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक, पुढे त्याला नुसते पाय म्हणतो. तिसरा, दादाच्या खत-बियाण्यांच्या दुकानाचा विंडोज पीसी. त्यातला हिशेबाचा फोल्डर उघडून मी जीएसटीचे काम करतो. पूर्वी हे सगळे पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली हाक राऊटरने घरातल्या ठराविक यंत्राकडे पाठवणे, आणि डीडीएनएस, म्हणजे घरच्या बदलत्या आयपीला दिलेले कायमचे नाव, यांवर चालायचे. आता वेगळ्या पद्धतीने चालते आणि संपूर्ण पावसाळा त्यावर काढल्यावर हे लिहितोय.

माझे मत आधीच सांगतो. घराच्या आतले पत्ते जुन्या राऊटरवर होते तसेच्या तसे नव्यावर उभे करा. बाहेरून आत येण्याची पद्धत मात्र नव्याने ठरवा, कारण नव्या कनेक्शनवर जुनी पद्धत चालेलच असे नाही.

आतल्या पत्त्यांचे का महत्त्वाचे ते डीव्हीआरवरून कळते. आमच्या डीव्हीआरला बसवणाऱ्याने हाताने पत्ता दिला होता, 192.168.1.64, आणि गेटवे 192.168.1.1. नवा राऊटर आला तो स्वतःला 192.168.0.1 म्हणवत होता. म्हणजे डीव्हीआर एका गल्लीत आणि राऊटर दुसऱ्या गल्लीत. मधली केबल शाबूत, दिवे लुकलुकतात, पण दोघांची गाठ पडत नाही. अशा वेळी लोक डीव्हीआरला माऊस आणि टीव्ही जोडून त्याचा पत्ता बदलत बसतात, मग प्रिंटरचा, मग पीसीचा. त्यापेक्षा राऊटरचाच पत्ता बदलावा. लॅनच्या पानावर आयपी 192.168.1.1 आणि मास्क 255.255.255.0 लिहून सेव्ह केले की राऊटर पुन्हा सुरू होतो आणि त्याचे पान नव्या पत्त्यावर उघडते. मग डीएचसीपीची, म्हणजे राऊटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांची, पट्टी 192.168.1.100 ते 192.168.1.199 अशी ठेवली. डीव्हीआरचा .64 या पट्टीबाहेर राहिला, त्यामुळे तोच पत्ता राऊटर चुकून कुणाच्या फोनला देणार नाही. पायला .110 आणि पीसीला .120 हे पत्ते त्यांच्या मॅक पत्त्यावर, म्हणजे यंत्राच्या स्वतःच्या हार्डवेअर क्रमांकावर, राखून दिले. वायफायचे नाव आणि पासवर्ड जुनेच, अक्षर न अक्षर तेच. आप्पांच्या फोनपासून प्रिंटरपर्यंत कशालाही हात लावावा लागला नाही.

आता बाहेरची बाजू. इथे एक तपासणी सगळ्यात आधी करायची. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी दिसतो तो लिहून घ्या. मग घरच्याच वायफायवरून जगाला दिसणारा आयपी पाहा. पायवर हे असे विचारता येते:

```
curl -4 ifconfig.me
```

दोन्ही सारखे असतील तर पोर्ट फॉरवर्डिंगची आशा आहे. आमच्याकडे वॅनवर 100.72 ने सुरू होणारा पत्ता होता आणि बाहेर भलताच. 100.64.0.0 ते 100.127.255.255 हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला: आयपीव्ही४ पत्ते पुरत नाहीत म्हणून पुरवठादार अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतो. याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून आलेली हाक त्या सामायिक पत्त्यावर पुरवठादाराच्या यंत्रापाशी थांबते, कारण ती कोणत्या घरची हे त्याला माहीत नसते. आपल्या राऊटरमध्ये कितीही नियम लिहिले तरी हाक तिथवर येतच नाही. वॅनवर 10 किंवा 192.168 ने सुरू होणारा पत्ता असेल तर आणखी एक शक्यता असते: फायबरची पेटी स्वतःच राऊटर बनून बसलेली असते आणि तुमचा राऊटर तिच्या मागे. मग पेटी ब्रिज मोडमध्ये, म्हणजे तिचे राऊटरचे काम बंद करून, मागावी लागते.

फसवी खूण अशी की डीडीएनएस या सगळ्यात मजेत चालू राहते. नाव त्या सामायिक पत्त्याकडे वळते, कधी कधी पिंगलाही उत्तर येते, आणि माणूस समजतो की डीव्हीआरच बिघडलाय. उत्तर देणारे यंत्र आपले नसते. म्हणून चाचणी नेहमी फोनचे वायफाय बंद करून, मोबाईल डेटावर आणि थेट हव्या त्या पोर्टवर करावी.

केबलवाल्याच्या पोराला विचारले, "पब्लिक आयपी मिळतंय काय?" तो म्हणाला, "मिळतंय की, पण त्याला वेगळं पैसं हाय दादा, आणि अर्ज द्यावं लागतंय." रास्त आहे. पण पैसे भरूनही मी तो घेतला नसता. पोर्ट फॉरवर्डिंगने डीव्हीआर उभ्या जगासमोर उघडा पडतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने कारखान्याचे पासवर्ड न बदललेले असेच कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन मोठमोठ्या सेवा बंद पाडल्या होत्या. घरच्या अंगणाचे चित्र दाखवणाऱ्या यंत्राबाबत मला तो धोका नको.

म्हणून पायवर टेलस्केल बसवले, आपली यंत्रे एका खासगी जाळ्यात जोडणारे व्हीपीएन सॉफ्टवेअर. ते आतून बाहेर जोडणी करते, त्यामुळे सीजीनॅट आडवा येत नाही. पायला फक्त स्वतःपुरते न जोडता सगळ्या घराचा दरवाजा केले, म्हणजे डीव्हीआरमध्ये काही टाकायची गरज राहिली नाही:

```
echo 'net.ipv4.ip_forward = 1' | sudo tee -a /etc/sysctl.d/99-tailscale.conf
sudo sysctl -p /etc/sysctl.d/99-tailscale.conf
sudo tailscale up --advertise-routes=192.168.1.0/24
```

यानंतर टेलस्केलच्या ॲडमिन पानावर जाऊन तो मार्ग मंजूर करावा लागतो. ते राहिले तर पाय दिसतो, पण डीव्हीआर दिसत नाही. फोन आणि विंडोज हा मार्ग आपोआप स्वीकारतात. लिनक्सच्या लॅपटॉपवर `--accept-routes` द्यावे लागते. टेलस्केल आपल्या यंत्रांनाही 100 ने सुरू होणारेच पत्ते देते. ते पाहून पुरवठादाराचा पत्ता समजू नये.

पुण्यात एक पेच आला तो सांगण्यासारखा आहे. मोबाईल डेटावर कॅमेरे दिसायचे, फ्लॅटच्या वायफायवर नाही. कारण फ्लॅटचे नेटवर्कही 192.168.1 चेच होते. 192.168.1.64 म्हटल्यावर फोन तो पुण्याच्या वायफायवरच शोधत होता. दोन्हीपैकी एक बाजू बदलणे भाग. खानापूरला हाताने पत्ता दिलेली यंत्रे आहेत, पुण्यात नुसते फोन आणि लॅपटॉप, म्हणून पुण्याचा राऊटर 192.168.50.1 वर नेला. प्रश्न संपला.

पीसीचा फोल्डर तरीही उघडेना. पायवरूनसुद्धा नाही, म्हणजे दोष बाहेरच्या मार्गाचा नव्हता. विंडोजच्या लेखी नवा राऊटर म्हणजे नवे नेटवर्क, आणि नव्या नेटवर्कला ते सार्वजनिक समजून फाइल शेअरिंग बंद करते. दादाला फोनवर सांगून सेटिंग्जमध्ये `Private network` निवडायला लावले, लगेच `\\192.168.1.120\hisheb` उघडले. राऊटर बदलला की हे हमखास होते आणि याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

वेग कसा आहे? ते जोडणी थेट होते की मधल्या केंद्रातून, यावर ठरते. `tailscale ping` दिल्यावर उत्तरात समोरचा आयपी दिसला तर थेट. `via DERP(blr)` दिसले तर बेंगळुरूच्या मध्यस्थ केंद्रातून. फायली आणि हिशेब दोन्हींत ठीक चालतात. कॅमेऱ्यांचे पूर्ण दर्जाचे चित्र मध्यस्थातून अडखळते, म्हणून मी ॲपमध्ये सबस्ट्रीम, म्हणजे कमी दर्जाचे हलके चित्र, लावून ठेवली आहे आणि काही नीट पाहायचे असेल तेव्हाच मुख्य चित्र उघडतो.

नेट बदलायच्या आधी जुन्या राऊटरची सगळी पाने फोनवर फोटो काढून ठेवा. एका कंपनीची बॅकअप फाइल दुसरीच्या राऊटरवर चालत नाही. शक्य असेल तर जुने कनेक्शन आठवडाभर चालू राहू द्या. मग या क्रमाने:

- लॅनचा पत्ता, मास्क, डीएचसीपीची पट्टी. बाकी काहीही जोडण्याआधी हे.
- राखून ठेवलेले पत्ते, प्रत्येकाच्या मॅक पत्त्यासह. हाताने दिलेले पत्ते पट्टीबाहेर आहेत ना, ते पाहा.
- वायफायचे नाव, पासवर्ड, आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२. जुने प्रिंटर आणि कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, तो पट्टा चालू हवा.
- स्वतःचा राऊटर लावणार असाल तर पीपीपीओईचे नाव-पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक पुरवठादाराकडून लिहून घ्या. काही ठिकाणी जुन्या यंत्राचा मॅक पत्ता बांधलेला असतो, तो सोडवून घ्यावा लागतो.
- यूपीएनपी बंद, नाहीतर डीव्हीआर आपणहून पोर्ट उघडून बसतो. राऊटरचा ॲडमिन पासवर्ड नवा.
- जुना राऊटर माडीवर वायफायसाठी वापरायचा असेल तर त्याला 192.168.1.2 द्या आणि त्याचे डीएचसीपी बंद करा.
- वॅन आयपीची तुलना. सीजीनॅट निघाला तर पोर्ट फॉरवर्डिंगचे नियम पुन्हा लिहूच नका, आणि जुने डीडीएनएसचे नाव काढून टाका.
- विंडोज पीसीचे नेटवर्क प्रायव्हेट.
- शेवटी मोबाईल डेटावरून प्रत्येक यंत्र एकेक करून उघडून पाहा.

टेलस्केलची एक अट महिन्यांनंतरच समोर येते. यंत्राची किल्ली मूळ सेटिंगमध्ये १८० दिवसांनी संपते आणि पुन्हा लॉगिन मागते. फोनवर ते बरेच आहे. घरी एकट्या पडलेल्या पायवर नाही, म्हणून ॲडमिन पानावर त्याच्यापुरती मुदत बंद केली.

राहिला आमच्याकडचा पाऊस. खानापुरात आषाढात वीज जाते-येते ते सांगायला नको. राऊटर आणि फायबरची पेटी १२ व्होल्टच्या छोट्या यूपीएसवर आहेत, पाय वेगळ्या ५ व्होल्टच्या बॅकअपवर. पायचे एसडी कार्ड वीज अचानक गेली की खराब होऊ शकते, म्हणून त्यावर कंजुषी केली नाही. पीसीच्या बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय लावलाय. फायबरच तुटले तर अर्थात काहीच उपाय नाही. त्या काळातले चित्रण डीव्हीआरच्या डिस्कवर राहते आणि लाइन आल्यावर पाहता येते.

उरलेली कमजोर जागा म्हणजे सगळा दरवाजा एकट्या पायवर आहे. म्हणून दादाच्या पीसीवरही टेलस्केल टाकले आहे. पाय बंद पडला तर पीसीवर रिमोट डेस्कटॉपने जायचे आणि त्याच्या ब्राउझरमधून राऊटर, डीव्हीआर दोन्ही पाहायचे. त्यासाठी विंडोज प्रो लागते, होम आवृत्तीत बाहेरून येण्याची सोय नसते.